सिकलसेल सगळ्या गावात तपासावा का?

झाडीपट्टीकर
आश्रमशाळेत परवा सिकलसेलचं शिबिर झालं, सगळ्या पोरांचं रक्त घेतलं. एखादा आजार असा सरसकट तपासायचा की नाही, हे ठरवतात कशावरून? सिकलसेल त्यात बसतो का?

मोहफूल
बसतो म्हणजे काय! आपल्याकडे घरटी रुग्ण आहेत. चाचणी स्वस्त आहे, थेंबभर रक्तात होते. मग विचार कसला करायचा?

वैनगंगाकाठ
आजार मोठा आणि चाचणी स्वस्त, एवढ्यानं भागत नाही. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी दहा कसोट्या मांडल्या, त्यात या दोन आहेतच. पण बाकीच्या बहुतेक कसोट्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: चाचणी पॉझिटिव्ह आली, तर दुसऱ्या दिवशी त्या माणसासाठी तुम्ही काय करणार?

मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. समजा, आश्रमशाळेत दोनशे पोरं आहेत आणि सोल्युबिलिटी या पहिल्या साध्या चाचणीत तीस पॉझिटिव्ह आली. नळीतलं पाणी गढूळ होतं, मागच्या रेघा दिसत नाहीत. पण त्या तिसांत वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ही चाचणी सांगतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. समजा त्यात अठ्ठावीस एएस म्हणजे वाहक निघाले आणि दोन एसएस म्हणजे रुग्ण. अठ्ठाविसांना औषध नको, ते आजारी नाहीतच. दोघांना हायड्रॉक्सियुरिया, लसी, नियमित तपासणी हवी. दुसरी चाचणी महिनोन् महिने झालीच नाही, तर तीसच्या तीस घरी काळजी मात्र पोचलेली असते.

आणखी एक. रक्त फारच कमी असलेल्या पोराची सोल्युबिलिटी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर निकालावर विसंबता येत नाही. आपल्याकडे दोन्ही गोष्टी नेहमीच्या.

एकटा_पळस
सिकलसेल बराच होत नाही ना? मग कसोटी तिथंच नापास. तपासून नुसता घोर लावून ठेवायचा.

वैनगंगाकाठ
आजार पुरता बरा झालाच पाहिजे, असं कसोटी म्हणत नाही. लवकर सापडल्यानं फरक पडेल असा मान्य उपचार हवा. तो आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज तोंडानं पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकस या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पण ही मुलं तीन महिने ते तीन वर्षांची होती. म्हणून तपासणी जन्मल्या जन्मल्या हवी. त्या वयात सोल्युबिलिटी चालत नाही, बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. आश्रमशाळेत आपण तपासतो ती मुलं त्या धोक्याच्या वयातून वाचून तिथवर पोचलेली असतात.

कापूसवाली
माह्या पोरीची गोष्ट सांगते. ती एएस आहे, तब्येत ठणठणीत. पाहुण्याईले तपासणीचं कार्ड दिसलं अन् जुळलेलं लगन मोडलं. तपासणारे गेले निघून, समजावाले कोणी आलंच नाही. आता धाकटीचं रक्त मी देत नाही.

मोहफूल
ताई, वाईट झालं. पण दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते. आधी कळलेलं बरं नाही का?

कापूसवाली
कळावं ना. पण पहिले माह्या पोरीले कळावं, मंग गावाले.

वैनगंगाकाठ
ताईंचं म्हणणं कसोटीतच आहे. चाचणी लोकांना मान्य हवी. सत्तरच्या दशकात ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात हेच घडलं. सगळं गाव तपासलं, नंतर वाहकांनाच कमी लेखलं जाऊ लागलं. म्हणून मी नवजात बाळांची तपासणी आणि मोठ्यांची तपासणी वेगवेगळी धरतो. पहिलीचा उद्देश उपचार, दुसरीचा लग्न आणि मूल यांचा निर्णय. दुसरीत समुपदेशक नसेल तर मी ती थांबवीन.

मोहफूल
थांबवली तर तोवर किती जोडपी दोघंही एएस असून नकळत लग्न करतील? राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. समुपदेशक येईपर्यंत वाट पाहणं मला पटत नाही.

वैनगंगाकाठ
मला सात कोटींपेक्षा पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या बाळांची चिंता आहे. तपासणी सतत चालू राहावी, एकदाच करून संपवू नये, हीही त्या दहांतली कसोटी. शिबिराचं उद्दिष्ट संपलं की नळ्याही संपतात, हे मी पाहिलं आहे.

धानाचा_बांध
माझं वय ५२, गुडघे फार दुखतात. मी पण हे रक्त तपासून घ्यावं का?

वैनगंगाकाठ
काका, तुम्हाला त्रास आहे म्हणून तुम्ही थेट डॉक्टरांकडे जा. इथं बोलणं चाललंय ते काहीच त्रास नसलेल्यांबद्दल. दुखणं घेऊन आलेल्याला या कसोट्या लागत नाहीत.

झाडीपट्टीकर
आमच्या शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या पोरांची दुसरी चाचणी कधी होणार, ते उद्या मुख्याध्यापकांना विचारतो. आणि कार्ड पोरांच्या हाती द्यायचं की आईबापाच्या?

कापूसवाली
आईच्या. अन् बंद पाकिटात.

मोहफूल
सोळा वर्षांच्या पोरीलाही? मला वाटतं तिच्याच हाती द्यावं.