शब्दचर्चा : 'पंचाहत्तरीत पदार्पण' की 'पंचाहत्तरी पूर्ण'?

येळ्ळूरकर : आमच्या गल्लीतल्या आण्णांचा १ जूनला सत्कार आहे. जन्म १९५१ चा. भाषण मी लिहायलोय. पहिलंच वाक्य आहे, 'वयाच्या ७५ व्या वर्षात पदार्पण करणाऱ्या आण्णांचा अमृतमहोत्सव'. बरोबर आहे ना?

मोडीवाले सर : नाही. यंदा, २०२६ ला, ते ७५ पूर्ण करतात आणि शहात्तराव्यात जातात. तुमचं 'पदार्पण' गेल्या वर्षीच झालं. 'वयाची ७५ वर्षे पूर्ण केली' लिहा. 'पंचाहत्तरी गाठली' म्हटलंत तरी चालेल.

शहापूरची सून : त्यापेक्षा 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा' म्हणा की. किती भारदस्त वाटतं!

मोडीवाले सर : ते मोठ्या वयाचं, एवढं बरोबर. पण वर्षाला बारा-साडेबारा पौर्णिमा धरल्या, तर पंचाहत्तरीपर्यंत सव्वानऊशेच होतात. हजार भरायला ८० वर्षं आणि वर काही महिने लागतात. आण्णांना अजून थांबावं लागेल.

निपाणीचा पाहुणा : आमच्या सोसायटीला साठ वर्षं झाली तेव्हा पत्रिकेत 'अमृतमहोत्सव' छापून आला होता! साठीला हीरक म्हणतात ना? शेवटी सगळ्या पत्रिकांवर चिकटपट्टी लावली. बाकी सत्काराला आमदार कोण येणार?

येळ्ळूरकर : आमदार नाही. पुढचं वाक्य बघा, '१९५६ पासून सीमालढ्यात अग्रभागी, अनेक तपे जनसेवा'.

मोडीवाले सर : अहो, १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला तेव्हा आण्णा साडेचार वर्षांचे! 'लढ्याच्या वातावरणात वाढले' लिहा. कामाचा हिशेब १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनापासून मांडा. त्या वेळी ते ऐन पस्तिशीत होते. आणि तप म्हणजे बारा वर्षं. १९८६ ते २०२६ म्हणजे तीन तपं आणि वर चार वर्षं. 'अनेक' म्हटलं की ऐकणारा मनात आकडा मांडतोच. त्यापेक्षा 'चाळीस वर्षे' लिहा आणि लगेच एखादं काम सांगा.

येळ्ळूरकर : पावसाळ्यात शाळेचं छप्पर उडालं तेव्हा स्वतः शिडीवर चढून त्यांनी पत्रे बसवले होते.

मोडीवाले सर : मग तेच पहिल्या परिच्छेदात घ्या.

शहापूरची सून : पण १ जून? त्या दिवशी हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन असतं. 'महोत्सव' शब्द खटकणार नाही का?

येळ्ळूरकर : आण्णा दरवर्षी तिथं जातात. आणि खरं सांगायचं तर तारीख शाळेच्या दाखल्यावरची. गुरुजींनी सगळ्यांनाच १ जून घातली होती, खरी कुणालाच माहीत नाही.

मोडीवाले सर : मग सकाळी अभिवादन आणि संध्याकाळी 'कृतज्ञता सोहळा' म्हणा. 'अमृतमहोत्सव' व्याकरणाने चुकीचा नाही, पण त्या दिवशी तो फलकावर नको.

निपाणीचा पाहुणा : मला नाही पटत. आण्णांना मान द्यायचा तर पूर्ण शब्दच लिहावा. नाहीतर कार्यक्रम २ जूनला घ्या.

येळ्ळूरकर : हॉल १ तारखेचाच मिळालाय. आण्णांनाच विचारतो.