स्टॉप २२,७५० चा, विक्री २१,७५८ ला : बॅकटेस्ट खोटं बोलतोय की आपण?

वाईकर : निफ्टीच्या रोजच्या कँडलवर ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये साधी स्ट्रॅटेजी लिहून जुन्या भावांवर तपासतोय. दोन नग घ्यायचे, ५०० पॉइंटवर एक विकायचा, १००० वर दुसरा, आणि दोघांचा स्टॉप ५०० खाली. एका सौद्यात खरेदी २३,२५० आणि स्टॉप २२,७५० होता, पण ७ एप्रिल २०२५ ला दोन्ही नग २१,७५८ ला विकलेले दिसतात. हा बग आहे का? दुसरं, पहिलं टार्गेट लागल्यावर उरलेल्याचा स्टॉप खरेदी भावावर आणतो, तरी तो नग अधूनमधून तोट्यात जातो. माझं मत असं की स्टॉपच्या भावावरच विक्री धरावी, नाहीतर रिस्क ठरवण्याला अर्थ काय?

गणितवेडा : बग नाही. शुक्रवारी ४ एप्रिलला निफ्टी २२,९०४ वर बंद झाला आणि सोमवारी उघडला २१,७५८ ला. मधल्या हजारभर पॉइंटांत एकही सौदा झालेला नाही. २२,७५० ला घेणारा कोणी नव्हताच, मग तुमचा नग घेतला कोणी? स्टॉप पार करून बाजार उघडला की बॅकटेस्टमध्ये ब्रोकरचं काम करणारा एम्युलेटर उघडण्याचा भाव धरतो, आणि तेच बरोबर आहे. टार्गेटच्या वर गॅप पडला तर तिथेही उघडण्याचाच भाव मिळतो, तेव्हा कोणी तक्रार करत नाही :)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. `calc_on_every_tick` हे सेटिंग चालू करा, भाव बदलला की स्क्रिप्ट चालेल आणि स्टॉप लगेच हलेल.

रेवती_ठाणे : पहिला परिच्छेद मान्य, शेवटची ओळ नाही. `calc_on_every_tick` चा परिणाम फक्त चालू बाजारातल्या कँडलवर होतो. जुन्या कँडलवर, म्हणजे वाईकर ज्यावर बॅकटेस्ट करताहेत त्यावर, काहीच फरक पडत नाही. बाकीचं संध्याकाळी लिहिते.

दत्तूभाऊ : टार्गेट-स्टॉप एकत्र लावायचा विषय काढलात आणि ब्रॅकेट ऑर्डरची जुनी जखम उघडी पडली. माझ्या ब्रोकरने ती सोय बंद केली, तेव्हापासून टार्गेट एकीकडे आणि स्टॉप दुसरीकडे हातानेच लावतो. पोरांनो, कॉम्प्युटरवर काय दाखवतंय यापेक्षा ऑर्डर कुठे लावलीत ते सांगा. मी एसएल ऑर्डर लावतो, ट्रिगर २२,७५० आणि लिमिट २२,७००. तुमच्यासारखा २१,७५८ ला विकून बसलो नसतो. त्या दिवशी बंद भाव २२,१६१ होता, ११ तारखेला बाजार २२,८०० च्या वर बंद झाला. म्हणजे माझ्या पद्धतीने २२,७०० मिळाले असते. उघडतानाची विक्री म्हणजे तळाला विक्री.

वाईकर : दत्तूभाऊ, मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

न्यूजर्सीचा_नाना : नका म्हणू. दत्तूभाऊंची ऑर्डर ७ तारखेला सव्वानऊला ट्रिगर झाली असती आणि २२,७०० च्या लिमिटवर दिवसभर पडून राहिली असती, कारण त्या दिवशी बाजार तिथवर पोचलाच नाही. संध्याकाळी दिवसाची ऑर्डर रद्द. म्हणजे ८ तारखेच्या सकाळी हातात दोन लॉट, स्टॉप नाही, आणि तोटा ठरवलेल्याच्या दुप्पट. परत ऑर्डर लावायची की नाही, हे त्या मनःस्थितीत ठरवायचं. चार दिवसांत बाजार परतला म्हणून ही पद्धत शहाणी ठरली. परतला नसता तर आज तुम्ही हा प्रतिसाद लिहिला नसता.

दत्तूभाऊ : नाना, अमेरिकेत बसून आमच्या मनःस्थितीचं बोलू नका. पण रद्द होते हे खरं आहे. मी रोज सकाळी लावतो.

रेवती_ठाणे : आता सविस्तर. कोड साधारण असा असणार असं धरते :

```
if buy
    strategy.entry("L", strategy.long, qty = 2)
strategy.exit("X1", "L", qty = 1, limit = t1, stop = sl)
strategy.exit("X2", "L", limit = t2, stop = sl2)
```

यात X1 ने पहिला नग स्वतःसाठी राखून ठेवला आणि X2 ला उरलेला मिळाला. प्रत्येकाची टार्गेट-स्टॉपची जोडी वेगळी आहे, एक पाय लागला की त्याच जोडीतला दुसरा पाय सुटतो. आधी `sl` आणि `sl2` एकच आहेत, म्हणून ७ एप्रिलला दोन्ही स्टॉप एकाच भावाला गेले. प्रत्येकी १,४९२ पॉइंट तोटा, ठरवला होता ५००.

आता ब्रेकइव्हनचं. स्क्रिप्ट कँडल बंद झाल्यावर एकदाच चालते. समजा एका दिवशी भाव वर जाऊन २३,७५० ला लागला आणि पहिला नग विकला गेला. मग त्याच दिवशी घसरून बंद झाला २३,२०० ला. तुमची स्क्रिप्ट आत्ता जागी होते, पोझिशन दोनाची एक झालेली पाहते आणि स्टॉप २३,२५० वर आणते. पण बाजार आधीच त्याच्या खाली आहे! विक्रीचा स्टॉप बाजारभावाच्या वर लावला की तो लगेच ट्रिगर होतो. दुसऱ्या दिवशी २३,१४० ला उघडलं तर विक्री २३,१४० ला, आणि 'ब्रेकइव्हन' म्हणवणाऱ्या सौद्यात ११० पॉइंट गेले. यातले ५० तर बंद होतानाच गेलेले होते, रात्री काही न घडताही स्क्रिप्टच्या उशिरामुळे तेवढे जातातच.

ओळखायचं असं : सौद्यांच्या यादीत X2 ची विक्री X1 च्या लगेच पुढच्या कँडलला, बरोबर उघडण्याच्या भावाला झालेली असेल, तर तो हाच प्रकार.

गणितवेडा : ठीक, `calc_on_every_tick` मागे घेतो. मग `calc_on_order_fills`? ते जुन्या कँडलवरही चालतं.

रेवती_ठाणे : चालतं, आणि तिथेच फसवतं. टार्गेट लागल्या क्षणी स्क्रिप्ट पुन्हा चालते, पण जुन्या कँडलचे `high`, `low`, `close` तिला आधीच दिसतात. सकाळी अकरा वाजता संध्याकाळचा बंद भाव हातात असल्यासारखं. स्टॉप नुसता खरेदी भावावर न्यायचा असेल तर भागेल, पण अटीत `close` आला की निकाल गोड होतो आणि खऱ्या बाजारात तो गोडवा मिळत नाही.

शिवाय एकाच कँडलमध्ये टार्गेट आणि स्टॉप दोन्ही येत असतील तर आधी कोणता लागला हे रोजच्या कँडलला माहीतच नसतं. एम्युलेटर अंदाज करतो : उघडण्याच्या भावाला दिवसाचा उच्चांक जवळ असेल तर आधी वर गेला असं धरायचं, नाहीतर आधी खाली. बार मॅग्निफायर लावून छोट्या कँडल वापरल्या तर हा अंदाज बराच सुधारतो. रात्रीच्या गॅपवर मात्र त्याचा काही उपाय नाही.

सोलापुरी_चटणी : माझी वेगळी गंमत. `strategy.exit` मला बांधल्यासारखं वाटतं म्हणून तिन्ही ऑर्डर `strategy.order` ने लावल्या : स्टॉप २ नगांचा, पहिलं टार्गेट १, दुसरं १. आधी गट न जोडता लावल्या. पहिलं टार्गेट लागलं, मग भाव खाली आला आणि स्टॉपने दोन नग विकले. हातात एकच होता, झालो एक नग शॉर्ट. मग तिघींना एका गटात टाकून `strategy.oca.cancel` लावलं, तर पहिलं टार्गेट लागताच स्टॉपच गायब. आता `strategy.oca.reduce` लावलंय, तर दुसरं टार्गेट कधीच लागत नाही. काय करू?

न्यूजर्सीचा_नाना : तिसऱ्या वेळी गट बरोबर काम करतोय, आकडा तुमचा चुकलाय. एक नग विकला गेला की गटातल्या *प्रत्येक* ऑर्डरमधून एक वजा होतो. स्टॉप २ चा १ झाला, छान. दुसरं टार्गेट १ चं शून्य झालं, म्हणून संपलं. दुसऱ्या टार्गेटलाही २ नग द्या. पहिलं लागलं की तेही १ वर येईल. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण हिशोब बसतो.

इकडे इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या `ocaType` मध्येही हाच फरक आहे : १ म्हणजे बाकीच्या रद्द, २ आणि ३ म्हणजे बाकीच्या कमी. अर्ध्या विक्रीच्या सौद्याला रद्द करणारा प्रकार लावणं म्हणजे घराचा एक दरवाजा विकला म्हणून कुलूपही देऊन टाकणं.

सोलापुरी_चटणी : झालं! दोन दिवस डोकं फोडत होतो. दरवाजाची उपमा कळली नाही, पण ऑर्डर चालली.

दत्तूभाऊ : हे सगळं पडद्यावर. एक्स्चेंजला तुमचा गट-बिट माहीत नसतो, माझ्या दोन्ही ऑर्डर तिथे सुट्ट्याच पडलेल्या असतात. टार्गेट लागलं की दुसरी मी रद्द करतो, किंवा ब्रोकरचं सॉफ्टवेअर करतं. मध्ये सेकंद गेला आणि बाजार उलटला की दोन्ही लागतात. माझं झालंय. शिवाय एकदा टार्गेटच्या दीडशेच्या ऑर्डरपैकी पंचाहत्तरच विकले गेले, मी पूर्ण स्टॉप काढला, आणि उरलेला लॉट उघडा.

रेवती_ठाणे : हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. चालू बाजारात स्टॉपची संख्या 'टार्गेट लागलं का' यावर ठरवू नका, 'आत्ता हातात किती आहे' यावर ठरवा. पंचाहत्तर गेले तर स्टॉप पंचाहत्तरचा. बॅकटेस्टमध्ये हा प्रसंग येतच नाही, कारण भाव टार्गेटला लागला की तिथे पूर्ण नग विकला गेला असंच धरलं जातं.

दत्तूभाऊ : आणि ऑप्शनवाल्यांनो, एनएसईने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शनमधली एसएल-एम, म्हणजे ट्रिगर झाल्यावर मिळेल त्या भावाला विकणारी स्टॉप ऑर्डर, बंद केली. तिथे लिमिट द्यावीच लागते, म्हणून लिमिटच्या पलीकडे उडी पडली की तुमचा स्टॉप नुसता शोभेचा.

वाईकर : म्हणजे विक्री २२,७५० ला धरायची नाही. पण मग माझा ५०० पॉइंटचा रिस्क खोटाच की. दोन लॉटवर, तेव्हाच्या ७५ च्या हिशोबाने, ७५,००० जायचे तिथे २,२३,८०० गेले असते. फ्युचरचा भाव थोडा वेगळा असेल, पण बात तीच.

न्यूजर्सीचा_नाना : खोटा नाही, अपुरा आहे. स्टॉप बाजार चालू असतानाचा रिस्क सांगतो. रात्र पार करायची असेल तर संख्या गॅप धरून ठरवा किंवा खाली पुट घ्या. पुट २२,७५० चा असता तर उघडण्याचा भाव काही का असेना, तळ बांधलेला राहिला असता. फुकट नाही मिळत, दर महिन्याला प्रीमियम जातो.

गणितवेडा : पुटच्या खर्चात ही स्ट्रॅटेजीच बसणार नाही, लावून बघा. त्यापेक्षा रात्री एकच नग ठेवा, पहिलं टार्गेट लागो न लागो.

रेवती_ठाणे : आणि ज्या दिवशी वरचा गॅप येईल त्या दिवशी अर्धा नफा सोडून द्या. मला नाही पटत. वर्षभरातले दोन्ही बाजूंचे गॅप मोजून मग बोलू.

दत्तूभाऊ : मोजा. ७ एप्रिलला उघडताना विकायचं की पंधरा मिनिटं थांबायचं, तेही मोजा. मी अजूनही म्हणतो, थांबायचं.

वाईकर : मोजतो. एवढं बघितलं की ब्रेकइव्हनचे जे सौदे तोट्यात होते त्यांत X2 बहुतेक ठिकाणी X1 च्या दुसऱ्याच दिवशी, उघडताना गेलाय. बार मॅग्निफायर लावून परत चालवतोय, पण तो स्टॉप लवकर हलवणार नाही हे कळलं. स्टॉप हलवूच नये का, हा प्रश्न आता पडलाय.