मदत हवी आहे : मागणीच्या व्हिडिओचा शेवट कसा करू?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ त्याच्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घालणार आहे आणि व्हिडिओची स्क्रिप्ट मी लिहितेय. व्हिडिओ ३ मिनिटांचा, पण निवेदन निम्म्या वेळेपुरतंच ठेवलंय, नाहीतर फोटो नीट बघताच येत नाहीत. कॉलेज रोडवरची पहिली भेट दोन ओळींत उरकलीय. खरा जीव पांडवलेणीच्या प्रसंगात आहे: पायऱ्यांवर तिची चप्पल तुटली, त्याने आपली तिला दिली आणि अनवाणी खाली उतरला.

अडचण शेवटाची आहे. गंगापूर धरणाच्या काठी, सूर्य मावळल्यावर ती हे लॅपटॉपवर बघणार. आधी उन्हात स्क्रीन दिसत नाही. शेवटच्या शॉटमध्ये तो त्याच काठावरून, हातात जुनी चप्पल घेऊन चालत येतो, स्क्रीन काळी होते आणि तो खरंच तिच्या मागे उभा असतो. उजेड जुळावा म्हणून हा शॉट आदल्या संध्याकाळी त्याच वेळी, त्याच शर्टात घेऊ.

पण काळी स्क्रीन बघून तिला व्हिडिओ संपला असं वाटलं तर? तिथे ‘मागे बघ’ असं लिहू, की त्याने मागून नुसती हाक मारावी? अक्षरं आली की गंमत आधीच फुटते असं मला वाटतं. कुणी असं केलं असेल तर नक्की सांगा.