माण तालुक्यात टँकरच्या पाण्यावर गटचर्चा: एकच माणूस बोलत राहिला तर?

माणदेशी_२४: फिल्डवर्कच्या कोर्ससाठी दहिवडीजवळच्या गावात टँकरच्या पाणीवाटपावर गटचर्चा घ्यायची आहे. बारा जण बोलावलेत, बायका-पुरुष एकत्र. माजी सरपंचही येणार आहेत. ते बोलले की बाकीचे माना डोलावतात. काय करू?

कृष्णाकाठ: सरपंचांना बोलावूच नका, प्रश्न मिटला.

शिवार_नोंदी: निम्मं बरोबर आहे. त्यांना गटात नको, पण गाळूही नका. टँकरच्या खेपा कशा ठरतात हे त्यांनाच ठाऊक, आणि डावललं तर गावात तुमचं काम अवघड होईल. आदल्या दिवशी घरी जाऊन स्वतंत्र मुलाखत घ्या. मान राहतो, माहितीही मिळते.

बारा जण जास्त होतात. दीड तासात एकेकाच्या वाट्याला आठ मिनिटंही येत नाहीत, मग बोलका माणूस ती जागा भरतो. सहा ते आठ ठेवा, बायकांचा गट वेगळा घ्या आणि प्रश्न पाच-सहाच काढा.

तरीही गटात कुणीतरी पुढारी निघतोच. कोण ते चहाच्या वेळी कळतं. त्याला समोर नव्हे, आपल्या शेजारी बसवा. समोरच्याशी नजरानजर होत राहते आणि प्रत्येक वेळी त्याला बोलण्याचं आमंत्रण मिळतं. गप्प बसणारी व्यक्ती समोर हवी. पुढारी सुरूच राहिला तर वाक्य संपताच म्हणा, "आक्कांचं हे झालं. वरच्या आळीला टँकर कसा पोचतो?" प्रश्न आळीला विचारा. एकटीचं नाव घेतलंत तर ती बावरते आणि "आक्का म्हणत्यात तसंच" म्हणून मोकळी होते.

हे "तसंच" लागोपाठ तीनदा आलं, तर त्याला एकमत समजू नका. तिथे मुठीतले खडे वापरा. टँकरची वेळ १, रांगेतली भांडणं २, पाण्याची चव ३. सर्वात मोठी अडचण ज्या आकड्याची, तितके खडे पदराआड मुठीत घ्यायचे आणि सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची. एकामागून एक विचारलंत तर पहिलीचंच उत्तर फिरत राहतं. मग समजा दोघींच्या मुठीत तीन खडे निघाले, तर त्यांना कारण विचारा. त्यांनी आपलं मत आधीच हातात धरलेलं असतं, त्यामुळे माघार घेणं कठीण जातं.

तासगावची_सून: माझ्या गटात उलटंच, कुणीच बोलत नाही. पहिला प्रश्न होता "पाणीवाटप न्याय्य आहे का?"

शिवार_नोंदी: ताई, त्याला हो किंवा नाही म्हटलं की संपलं. "काल टँकर आला तेव्हा काय काय झालं?" असं सुरू करा. विचारल्यावर पाच सेकंद गप्प राहा, स्वतःच उत्तर सुचवू नका.

माणदेशी_२४: नोंदी मीच घेतल्या तर चालेल?

शिवार_नोंदी: नको. वही हातात आली की नजर खाली जाते. जोडीदार न्या. त्याने बैठकीचा गोल काढून प्रत्येकीला आकडा द्यावा आणि बोलली की रेघ मारावी. वीस मिनिटांनी रेघा बघितल्या की कोण राहिलंय ते कळतं.

कृष्णाकाठ: पण बायकांच्या गटात पुरुष जोडीदार बसला तर?

शिवार_नोंदी: शक्यतो मुलगीच न्या. नाहीच मिळाली तर रेकॉर्डर, तोही सगळ्यांना विचारूनच. पण त्यात आवाज कुणाचा ते नंतर ओळखत बसावं लागतं. यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.