मदत हवी आहे: बाबांचा डी-डायमर 'हाय' आलाय, म्हणजे पायात गुठळी आहेच का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय. बाबा ७१ वर्षांचे, चार दिवसांपासून डावी पोटरी दुखतेय आणि थोडी सुजल्यासारखी वाटते. डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, फरक जेमतेम १ सेंटीमीटर, मग मागच्या बाजूने शिरेच्या रेषेत दाबून बघितलं आणि म्हणाले की गुठळीची शक्यता कमीच वाटते पण एकदा डी-डायमर करून टाकू म्हणजे प्रश्न मिटेल. मिटायचा कसला, रिपोर्ट आत्ता आलाय ४१० आणि शेजारी ठळक 'हाय'. डॉक्टर उद्या सकाळी भेटतील. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे गुठळी सापडली असंच ना? भाऊ म्हणतोय रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ताच सुरू करू, घरात आईच्या जुन्या गोळ्या पडल्यात.

एकटा_जीव:
ताई घाबरू नका. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्यानंतर धाप लागायला लागली म्हणून डी-डायमर केला तर ३००० च्या वर, घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, रात्रीच सीटी स्कॅन केला आणि फुफ्फुसात काही म्हणजे काही नाही. तेव्हापासून माझा या टेस्टवरचा विश्वासच उडालाय, उगाच करतात.

गणितप्रेमी:
पन्नाशीनंतर लिमिट बदलतं हो, लॅबवाले रिपोर्टवर तरुणांचंच छापतात. वय गुणिले १०. म्हणजे बाबांसाठी ७१० पर्यंत चालतंय, ४१० तर कितीतरी खाली आहे. निवांत झोपा.

सूक्ष्मदर्शक:
थांबा थांबा, निवांत वगैरे नंतर. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजीत काढलीत. निशिगंध, ४१० च्या पुढे युनिट काय आहे आणि नॉर्मल रेंज काय छापलीय ते आधी सांगा. आणि आईच्या गोळ्यांना हात लावू नका, डोस, किडनी, आधीची औषधं हे काही न बघता ती औषधं देत नाहीत.

निशिगंध:
रेंज ० ते २५० लिहिलीय. युनिट नॅनोग्रॅम पर मिली, आणि त्यापुढे बारीक अक्षरात डीडीयू.

सूक्ष्मदर्शक:
वाटलंच मला. डी-डायमर दोन हिशोबांत देतात, एफईयू आणि डीडीयू, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. म्हणजे तुमचे ४१० हे एफईयूत ८२० च्या आसपास झाले. 'वय गुणिले १०' हा नियम खरा आहे पण तो एफईयूसाठी, जिथे नेहमीचं लिमिट ५०० असतं. डीडीयूत तो वय गुणिले ५ असा वापरतात, म्हणजे ३५५. कुठूनही मोजा, वयाची सवलत धरूनसुद्धा बाबांचा आकडा वरच राहतो. तेव्हा 'काही नाही' म्हणून सोडून देता येणार नाही, पण गुठळी सापडली असंही नाही. पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे कलर डॉपलर, करायची एवढाच याचा अर्थ.

आता असं का ते. रक्त गोठताना फायब्रिनचं जाळं बनतं, जाळ्याचे धागे एकमेकांना पक्के जोडले जातात, आणि काम झालं की शरीर स्वतःच प्लाझमिन नावाच्या एन्झाइमने ते कापायला घेतं. कापताना तो पक्का जोड काही तुटत नाही, जोडासकट तुकडा रक्तात येतो, आणि तोच आपण मोजतो. म्हणजे टेस्ट फक्त इतकंच सांगते की शरीरात कुठेतरी जाळं बनलं आणि ते कापलं जातंय. कुठे आणि कशापायी ते नाही सांगत. ऑपरेशनची जखम भरताना हेच होतं (एकटा_जीव, तुमचे ३००० बहुतेक तिथलेच), न्यूमोनियात होतं, कॅन्सरमध्ये, गरोदरपणात, आणि नुसतं वय वाढलं तरी आकडा सरकतो.

उलट बाजूने बघा. पायात ताजी, बऱ्यापैकी मोठी गुठळी असेल तर शरीर ती कापायला लागलेलंच असतं, मग तुकडे रक्तात दिसायलाच हवेत. ते नाहीतच तर गुठळी असणं अवघड.

समजण्यापुरते आकडे धरू. बाबांसारखे, म्हणजे तपासून शक्यता कमी वाटलेले १००० पेशंट, त्यातल्या ५० जणांना खरोखर गुठळी. टेस्ट त्यातले ४८ पकडते, २ सुटतात. उरलेल्या ९५० पैकी नॉर्मल येतात फक्त ३८०, बाकी ५७० जणांचा आकडा काहीही नसताना वर. आता 'हाय' आलेले सगळे मिळून ६१८, त्यात गुठळीवाले ४८, म्हणजे तेरात एक. आणि नॉर्मल आलेले ३८२, त्यात गुठळीवाले दोन. म्हणून नॉर्मल आलं की स्कॅन न करता घरी पाठवता येतं, आणि हाय आलं की तेवढ्यावर औषध सुरू करत नाहीत. एकटा_जीव, टेस्ट उगाच नसते, पण ऑपरेशननंतर लगेच केली तर ती हाय येणार हे जवळजवळ ठरलेलंच, त्यामुळे तिथे तिचा उपयोग कमी.

गणितप्रेमी:
युनिटचं मान्य, माझ्या रिपोर्टवर एफईयू होतं त्यामुळे डोक्यातच आलं नाही. पण मग नॉर्मल आलं की कायम सुटका असंच ना?

सूक्ष्मदर्शक:
नाही. वरच्याच हिशोबात १००० पैकी ५०० जणांना गुठळी धरा, म्हणजे पाय चांगलाच सुजलाय, नुकताच प्लास्टरमध्ये होता, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे असले पेशंट. आता २० सुटतील, आणि गुठळी नसलेले २०० नॉर्मल येतील. म्हणजे नॉर्मल आलेल्या २२० मध्ये २० गुठळ्या, अकरात एक. हे कोण परवडून घेणार? म्हणून शक्यता जास्त वाटली की रिपोर्टची वाट न बघता डॉपलरच करतात. शिवाय दुखणं दोनेक आठवडे जुनं असेल, किंवा रक्त पातळ करायचं औषध आधीच चालू असेल तरी आकडा फसवा नॉर्मल येऊ शकतो. भावाला हेही सांगा.

हिरवी_पालवी:
छान माहिती. मग हार्ट अटॅक येऊ नये म्हणून वर्षातून एकदा ही टेस्ट करून ठेवावी का? आमच्या चेकअप पॅकेजमध्ये आहे.

सूक्ष्मदर्शक:
नको. तक्रार काहीच नसताना केली तर वर बघितले तसले ५७० जण तयार होतात, आणि मग स्कॅनच्या मागे फिरत बसा.

निशिगंध:
अपडेट देतेय. सकाळी डॉपलर झाला. मांडीपासून गुडघ्यामागच्या शिरेपर्यंत प्रोबने दाबलं की शीर पूर्ण चपटी होतेय, म्हणजे आत गुठळी नाही असं सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. पण पोटरीतल्या बारीक शिरा सुजेमुळे नीट दिसल्या नाहीत. गुडघ्यामागे पाण्याची छोटी पिशवी आहे, दुखणं कदाचित तिचंच. एका आठवड्याने परत डॉपलर सांगितलाय. त्याऐवजी डी-डायमरच परत केला तर नाही चालणार? बाबांना परत न्यायचं जिवावर आलंय.

सूक्ष्मदर्शक:
उतरला तरी आज वर का होता ते कळणार नाही, आणि नाही उतरला तर डॉपलरलाच जायचंय. पोटरीत छोटी गुठळी असलीच तर ती वर सरकतेय का एवढंच बघायचंय, ते स्कॅनमध्येच दिसतं. मधे धाप लागली, छातीत दुखलं किंवा सूज मांडीकडे चढली तर मात्र आठवडा बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

गणितप्रेमी:
पण ती वयाची सवलत मुळात फुफ्फुसातल्या गुठळ्यांच्या अभ्यासातून आली ना? पायासाठी तेवढीच खात्रीची आहे का?

सूक्ष्मदर्शक:
पायासाठीही बरेच जण वापरतात. माझं मत विचाराल तर आकडा अगदी काठावर असेल तर मी डॉपलरच करायला सांगेन, पण यावर सगळे डॉक्टर एका मताचे नाहीत.