चुकीच्या किमतीचा माफीचा मेल

> तासभर साइटवर चुकीच्या किमती दिसल्या. मेलमध्ये कारण किती खोलात सांगू?

"तांत्रिक अडचण" एवढ्यावर भागवू नका. आमच्याकडे असंच झालं तेव्हा सरळ लिहिलं: "आम्ही किंमत रुपयांऐवजी पैशांत साठवतो आणि दाखवताना १०० ने भागतो. काल दुपारी ३ वाजता केलेल्या बदलामुळे १०० ने भागाकार दोनदा झाला आणि १,२५० रुपयांची साडी १२.५० रुपयांना दिसली. ४ वाजता दुरुस्त केलं. चूक आमची आहे, माफ करा."

त्याखाली लगेच, त्या तासात पैसे भरलेल्यांच्या ऑर्डरचं काय होणार ते. लोक आधी तेच शोधतात. आम्ही ऑर्डरी रद्द करून पूर्ण पैसे परत केले (शिव्याही खाल्ल्या). पुढच्या खबरदारीला एकच वाक्य पुरलं: "किंमत निम्म्याहून खाली गेली, तर माणसाने मंजूर केल्याशिवाय ती साइटवर दिसणार नाही." फक्त ही अट खरंच बसवल्यावरच मेल पाठवा.