फॅमिली ग्रुप: म्यूट केला की निरोप चुकतो, नाही केला तर डोकं उठतं

मृणाल_ट
माळ्यावरची ट्रंक आवरताना आज जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. एका कार्डाला हळदीकुंकवाची बोटं, एकाचा कोपरा फाडलेला. आत काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच घरात कळायचं, आनंदाचं आहे की वाईट. ते बघून घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला आणि हा धागा काढावासा वाटला.

४६ माणसं. सकाळी फुलं, मग काढे, मग राजकारण, मग "अमकीचं कुठे जमलं का", आणि त्याच ओघात मध्येच आत्याला ॲडमिट केल्याचा मेसेज. म्यूट केला तर तो चुकतो आणि "तुला काहीच कसं कळत नाही" हे ऐकावं लागतं. ज्यांनी ग्रुपला मर्यादा घालून पाहिल्यात त्यांनी लिहा: नेमकं काय केलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, कुठे फसलं. ग्रुप सोडा हा सल्ला नको, आईबाबा तिथेच आहेत.

कोथिंबीर_जुडी
कुकर होईपर्यंत लिहिते. Mute notifications मध्ये ८ तास, १ आठवडा आणि Always असे तीन पर्याय आहेत. बरेच जण आठवडा निवडतात आणि आठव्या दिवशी परत भणभण सुरू. Always च घ्यायचं, वर Archive करायचं. Settings, Chats मध्ये Keep chats archived चालू असेल तर नवीन मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, तुमचं नाव @ लावून घेतलं किंवा तुमच्याच मेसेजला रिप्लाय दिला तर म्यूट असूनही फोन वाजतो. हे सोयीचंच आहे. भावाला सांगून ठेवायचं, महत्त्वाचं असेल तर माझं नाव घाल. शिट्टी झाली.

वाड्यातला_दिनू
@ वर भरवसा ठेवू नका. दवाखान्यात धावपळ करणारा माणूस ४६ जणांतून तुमचं नाव शोधत बसणार नाही.

टिकणारा उपाय म्हणजे निरोप आणि गप्पा वेगळ्या करणे. जुना ग्रुप आहे तसाच राहू द्या, त्याला हात लावलात की रुसवे सुरू. शेजारी दुसरा काढा, नाव साधं, "निरोप". त्याच्या सेटिंगमध्ये सदस्यांसाठी Send messages बंद केलं की फक्त ॲडमिन लिहू शकतात. ॲडमिन घराच्या प्रत्येक शाखेतून एक, म्हणजे चार भावंडांचा विस्तार असेल तर चार. त्यावर जाणाऱ्या गोष्टी आधी ठरवा: जन्म, मृत्यू, दवाखाना, कार्याची तारीख, रक्त किंवा तातडीची मदत. बस. वाढदिवससुद्धा नाही. एकदा वाढदिवस घेतला की ४६ शुभेच्छांसाठी दार उघडा म्हणून मागणी येते.

पहिली ओळ कोपरा फाडलेल्या कार्डासारखी असावी. उदाहरण देतो:

"दवाखाना. कुमुदआत्या, नाशिक. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन गुरुवारी सकाळी. भेटायला शनिवारनंतर, एका वेळी दोघं. फोन फक्त संजयला, संध्याकाळी ६ ते ७."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसेल तर आत्याच्या सुनेला दिवसभर तेच चाळीस वेळा सांगावं लागतं. काळजीचे, धीराचे मेसेज जुन्या ग्रुपवर जाऊ द्या, तिथे ते शोभतात.

फसतं कुठे तेही सांगतो. कुणीतरी ज्येष्ठ म्हणतात "मला का नाही ॲडमिन केलं". मान राखायला त्यांना करतात, मग त्यांच्या बरोबरीच्या तिघांना, आणि महिन्याभरात निरोपावर काढे यायला लागतात. म्हणून ॲडमिन मानानं निवडू नका, शाखेनं निवडा, आणि हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

रा_ना_देशपांडे
ॲडमिन होण्याआधी विचार करावा. ग्रुपवर कुणी आक्षेपार्ह टाकलं तर पोलीस पहिला ॲडमिनला धरतात. शिवाय मेसेजला तीन टिका आणि त्यातली एक लाल दिसली तर सरकारने नोंद घेतली असं समजावं.

खटला_क्रमांक
देशपांडे काका, लाल टिक हा स्वतःच एक जुना खोटा फॉरवर्ड आहे. व्हॉट्सॲपमध्ये टिक करडी असते किंवा निळी, तिसरा रंग नाही आणि तिसरी टिकही नाही.

ॲडमिनचं अर्धं बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. त्या मजकुरामागे दोघांचा समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे निरोपाचा ॲडमिन व्हायला घाबरू नका. पण कुणी दुसऱ्या समाजाबद्दल विखारी काही टाकलं आणि ॲडमिननेच ते उचलून पुढे पाठवलं, तर ते त्याचं स्वतःचं कृत्य झालं.

रा_ना_देशपांडे
नागपूरचं माहीत नव्हतं. लाल टिकेचं मात्र आमच्या ग्रुपवर आजच परत आलंय. काढायला सांगतो.

जाई_नि_जुई
मी दिराला ब्लॉक केलं तरी ग्रुपवर त्यांचे मेसेज दिसतायत. माझ्या फोनमध्ये बिघाड आहे का?

कोथिंबीर_जुडी
बिघाड नाही गं. ब्लॉक फक्त तुमच्या दोघांतलं बोलणं आणि कॉल बंद करतं. ज्या ग्रुपमध्ये दोघंही आहात तिथे तुझं त्यांना आणि त्यांचं तुला दिसतंच.

जाई_नि_जुई
अरे देवा. म्हणजे मी गेले सहा महिने...

सुलभा_मावशी
जाई, मनाला लावून घेऊ नकोस. नवऱ्याला बोलायला सांग.

लग्नाच्या, मुलाबाळांच्या प्रश्नांबद्दल मला हेच सांगायचंय. ज्याच्या रक्ताचं नातं त्यानं बोलायचं. सासरच्या ग्रुपवर नवऱ्याने, माहेरच्या ग्रुपवर मुलीने. सुनेने तेच वाक्य लिहिलं की ते उर्मट ठरतं, मुलाने लिहिलं की "बरं बाबा" होतं.

आणि उत्तर ग्रुपवर द्यायचंच नाही. काकूने विचारलं "यंदा तरी पेढे का?", तर ग्रुपवर गप्प राहायचं आणि त्याच दिवशी काकूला फोन करायचा. "काकू, तुम्ही आपुलकीनं विचारता ते कळतं. पण सगळ्यांसमोर विचारलंत की आम्हाला जड जातं. काही ठरलं की पहिला फोन तुम्हालाच करू, तोवर ग्रुपवर नका विचारू." फोनवर माणूस एकटा असतो, ऐकतो. ग्रुपवर उत्तर दिलं की काकूची बाजू घ्यायला दहा जण येतात आणि तिला मागे सरता येत नाही.

स्थळं सुचवणाऱ्यांसाठी आईने किंवा वडिलांनी एकदाच लिहावं, "स्थळाबद्दल माझ्याशी फोनवर बोला, पत्रिका ग्रुपवर टाकू नका." पत्रिकेत मुलीची जन्मवेळ, पत्ता, पगार सगळं असतं आणि ती कुठे कुठे फिरते कळतही नाही.

परदेशी_पाहुणा
मावशी, गप्प राहणं आमच्याकडे चालत नाही. मेसेज दाबून Info बघतात की कुणी कुणी वाचलंय, आणि मग "वाचलं पण उत्तर नाही" असं होतं. निळ्या टिका बंद करून पाहिल्या, उपयोग नाही.

कोथिंबीर_जुडी
ते सेटिंग ग्रुपला लागूच होत नाही, फक्त एकेकट्याच्या चॅटला. नोटिफिकेशनमध्येच वाचलं तर नोंद होत नाही, पण ग्रुप म्यूट असेल तर हाही मार्ग बंद.

वाड्यातला_दिनू
इथे माझं मावशींपेक्षा वेगळं मत आहे. अगदीच गप्प राहिलं की मोठ्यांना तो अपमान वाटतो. हात जोडलेला एक इमोजी टाकावा आणि मग फोन करावा.

सुलभा_मावशी
इमोजी म्हणजे संमती समजतात रे. "बघा, ती काही म्हणाली नाही," असं होतं. ज्याच्या त्याच्या घरावर आहे.

बातमी_आधी_बघा
फॉरवर्डबद्दल थोडं. दुहेरी बाण आणि Forwarded many times दिसलं म्हणजे तो मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आलाय. असा मजकूर पुढे एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण कॉपी करून पेस्ट केला की बाण गायब. त्यामुळे बाण नाही म्हणजे काकांनी स्वतः लिहिलंय, असं धरू नका. ज्यात "माझे डॉक्टर मित्र सांगतात" आहे आणि डॉक्टरचं नाव नाही, ते बहुतेक असंच आलेलं असतं.

सगळं खोडत बसू नका, दमाल. दोनच प्रकारांना लगेच थांबवा: औषध बंद करायला सांगणारे आणि कुणावर तरी संशय घ्यायला लावणारे. दुसऱ्याचं काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली.

थांबवायचं कसं? ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण कुठल्या ॲडमिनने काढला ते नावासकट दिसतं. वडीलधाऱ्यांचा मेसेज असा काढला की घर तापतं. त्यांनाच फोन करून काढायला सांगा, साधारण दोन दिवसांच्या आत Delete for everyone चालतं. "चुकीचं आहे" म्हणू नका. "काका, इन्सुलिन बंद करायचं वाचून तात्यांनी खरंच बंद केलं तर?" असं विचारा. तात्यांचं नाव घेतलं की ते स्वतःच काढतात.

रा_ना_देशपांडे
सरकारी बातमीसाठी PIB Fact Check आहे ना?

बातमी_आधी_बघा
आहे, पण ते केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतं. काढे आणि शेजारच्या गावातली टोळी तिथे तपासून मिळत नाही.

परदेशी_पाहुणा
मृणालला सोडायचा नाही, पण दुसऱ्यांसाठी. आता ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनना कळतं. तरी जुन्या सदस्यांच्या यादीत ६० दिवस नाव दिसतं, शोधणारे शोधतात. आणि परत ओढू नये म्हणून Settings, Privacy, Groups मध्ये My contacts except निवडून त्या ॲडमिनचं नाव घाला. मग त्यांना आमंत्रणच पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत आपोआप संपतं.

जाई_नि_जुई
सासूबाईंचा फोन फुलांच्या फोटोंनी भरलाय, अपडेटपण होत नाही. इथेच विचारते.

कोथिंबीर_जुडी
Storage and data मध्ये Manage storage उघड. तिथे Forwarded many times असा वेगळा गठ्ठा दिसतो, आधी तोच काढ. मग Media auto-download मधले फोटो-व्हिडिओ बंद कर. काढण्याआधी नातवंडांचे फोटो त्यांनाच निवडू दे.

मृणाल_ट
आज रात्री निरोपाचा ग्रुप काढतेय. तीन शाखांचे ॲडमिन ठरले, बडोद्याचं कुणी तयार होत नाहीये. आणि ८४ वर्षांच्या अक्काआजीकडे साधाच फोन आहे. तिला सगळ्यात आधी कळायला हवं असतं, आणि तिलाच शेवटी कळतं.

वाड्यातला_दिनू
ग्रुपच्या Description मध्ये लिहून ठेव: "अक्काआजीला फोन: मृणाल. ती बाहेर असेल तर: संजय." ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही अशा प्रत्येकाच्या नावापुढे एक माणूस. निरोप टाकणाऱ्याने आधी त्याला फोन लावायचा, मग ग्रुपवर लिहायचं. बडोद्यासाठी थांबू नकोस, तीन ॲडमिनवर सुरू कर.